दहा महिन्यांची मुलगी आणि अंगावर येणारा पांगुळगाडा

*ताई, माझी मुलगी दहा महिन्यांची आहे. पंधरा दिवसांपासून सोफा धरून कडेकडेनं चालते. सासूबाईंनी हौसेनं लाकडी पांगुळगाडा आणला. पहिल्याच दिवशी ती दांडा धरून उठायला गेली, तर पुढची चाकं उचलली गेली आणि गाडा तिच्या अंगावर आला. नंतर आम्ही तिला उभं करून दांडा हातात दिला, तर गाडा सुर्रकन पुढे पळाला आणि ती तोंडावर आपटली, ओठ फुटला. आता गाडा दिसला तरी रडते. नणंद म्हणते, गोल वॉकर आण, त्यात पडायची भीती नाही. दोरीनं ओढायचं एक लाकडी बदकही आहे, पण ती नुसती दोरी चोखते आणि बदक सारखं आडवं पडतं. घरात गुळगुळीत फरशी आहे. गाडा साडेतीन किलोचा, दांडा जमिनीपासून ४७ सेंमी उंच आणि मागच्या चाकांच्या १० सेंमी मागे येतो. मुलगी साडेआठ किलोची, उंची ७१ सेंमी. गाडा ठेवू, बदलू, की वॉकर घेऊ? शेजारचं तिच्याच वयाचं बाळ चालायला लागलंय, त्यामुळे जीवाला घोर लागलाय.*

*— एक आई*

तुम्ही मापं पाठवलीत हे फार बरं केलंत. बहुतेक पत्रांत फक्त गाडा कसा दिसतो आणि केवढ्याला पडला एवढंच असतं, आणि त्यावरून काही सांगता येत नाही. लहान मुलांच्या फिजिओथेरपीत काम करताना मी पांगुळगाड्याचं पहिलं काही बघत असेन तर दांडा आणि मागची चाकं यांच्यातलं अंतर. तुमच्या पत्रातला १० सेंमीचा आकडा वाचल्यावर पहिल्या पडण्याचं कारण लगेच कळलं.

तुमची मुलगी दोनदा पडली, पण दोन्ही वेळची कारणं वेगळी आहेत. पहिल्यांदा गाडा मागे उलटला, दुसऱ्यांदा तो पुढे पळाला. बहुतेक घरांत यातल्या एकाचाच बंदोबस्त करतात आणि त्यात दुसरा दोष वाढून बसतो. म्हणून दोन्ही नीट समजून घेऊ.

आधी उलटण्याचं बघू. गाडा मागे कलंडतो तो मागच्या चाकांच्या आसावरून. आसाच्या पुढे गाड्याचं स्वतःचं वजन असतं, मागे मुलीचे हात असतात, आणि ज्या बाजूचा जोर भारी त्या बाजूला गाडा झुकतो. गाड्याचं वजन नेमकं कुठे तोललं जातं ते बघायला त्याच्याखाली लाटणं आडवं सरकवून बघा, ज्या जागी गाडा दोन्हीकडे समतोल राहील तो त्याचा मध्य. तुमच्या मापाच्या गाड्यात तो आसाच्या साधारण १५ सेंमी पुढे असेल असं धरू. साडेतीन किलो गुणिले १५ म्हणजे साडेबावन्न. तुमचा दांडा आसाच्या १० सेंमी मागे आहे, म्हणून साडेबावन्नला दहानं भागा. उत्तर येतं सव्वापाच. म्हणजे दांड्यावर सरळ खाली सव्वापाच किलोचा भार पडला की पुढची चाकं उचलणार. साडेआठ किलोची मुलगी बसलेली असताना दांड्याला लोंबकळून उठते, तेव्हा तिच्या निम्म्याहून जास्त वजन हातांवर असतं. गाडा उलटला यात तिचं काही चुकलं नाही आणि तुमचंही नाही. त्या मापाचा गाडा उलटणारच होता.

आता गाड्यात तीन किलोची जाडजूड पुस्तकं ठेवा, पण मधोमध नाही, अगदी पुढच्या फळीला चिकटवून. ती आसापासून २८ सेंमीवर आली असं धरलं तर त्यांचा जोर ८४ होतो, आधीचा मिळवून साडेएकशेछत्तीस. त्याला दहानं भागलं की साडेतेरा किलोच्या वर उत्तर येतं. आता मुलगी पूर्ण वजनानिशी दांड्यावर दाबली गेली तरी गाडा उलटत नाही. तीच पुस्तकं मागे, दांड्याखाली ठेवली असती तर उपयोग जवळजवळ शून्य. वजन किती टाकलं याइतकंच ते कुठे टाकलं हेही महत्त्वाचं आहे, आणि ते घट्ट बांधलेलं हवं, नाहीतर गाडा कशाला आपटला की सगळं मागे घसरत येतं.

हिशोबावर विसंबायचं नसेल तर घरच्या घरी तपासून बघा. मजबूत पिशवीत मुलीच्या वजनाइतकं सामान भरा आणि पिशवी दांड्याच्या मधोमध अडकवा. पुढची चाकं जराही उचलली गेली तर गाडा त्या अवस्थेत द्यायचा नाही. नवीन गाडा घेणाऱ्या वाचकांनी दुकानात दांड्यावर दोन्ही तळवे ठेवून सरळ खाली दाबून बघावं. ज्या गाड्याची मागची चाकं दांड्याच्याही मागे येतात, म्हणजे बाळाचे पाय दोन चाकांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडतात, तो खाली दाबून मागे उलटतच नाही, कारण दाबणारे हात आसाच्या पुढेच राहतात. नवा घ्यायचाच असेल तर मी अशाच रचनेचा घ्यायला सांगेन. मग रंग, ठोकळे, वाजणाऱ्या घंट्या हे सगळं नंतर. तीनचाकी गाडे वळताना कडेला झुकतात, ते या वयात नकोतच.

पुस्तकं टाकून एक गोष्ट मात्र सुटत नाही. मुलगी दांडा खाली दाबण्याऐवजी स्वतःकडे ओढते तेव्हा तिला दांड्याची पूर्ण ४७ सेंमी उंची मिळते. साडेएकशेछत्तीस भागिले ४७ म्हणजे जेमतेम तीन किलो. चाकं कशात अडकली असतील किंवा घट्ट आवळलेली असतील तर तीन किलोच्या ओढीनं भरलेला गाडाही मागे येतो. चाकं मोकळी असतील तर तो उलटत नाही, पण तिच्या अंगावर धावत येतो. दोन्ही वाईटच. म्हणून भार टाकलेला असो वा नसो, पांगुळगाडा धरून उठायचं नाही हा नियम पक्का. तिनं सोफा धरून उठावं आणि मग उभी असताना दांडा धरावा. तोपर्यंत तुमचा एक हात गाड्याच्या पुढच्या फळीवर असू द्या.

आता दुसरं पडणं. सोफ्याकडे तोंड करून चालताना तिला बारकाईनं बघा. बहुधा तिचं पोट किंवा छाती सोफ्याला टेकलेली असेल, दोन्ही तळवे गादीवर पसरलेले असतील, आणि पाय शरीराच्या किंचित मागे असतील. म्हणजे हातांवर अजून वजन आहे. ती आधार नुसता शिवत नाही, त्यावर रेलते. सोफा हलत नाही म्हणून हे चालून जातं. तसंच रेलून चाकांवरच्या गाड्याचा दांडा धरला की हातांनी दिलेला रेटा थेट चाकांना मिळतो, गाडा पुढे जातो, हात त्याच्याबरोबर जातात आणि पाय जागेवर राहतात. गुळगुळीत फरशीवर त्याला अडवणारं काहीच नसतं.

काही गाड्यांच्या मागच्या चाकांना आवळायचा नट किंवा फिरवायची कळ असते. असेल तर ती अशी बसवा की रिकाम्या फरशीवर गाड्याला बोटानं हलका धक्का दिल्यावर तो वीतभर जाऊन थांबेल. दोन्ही बाजू सारख्याच आवळा. एक बाजू सैल राहिली तर गाडा सतत एकाच अंगाला वळतो आणि बाळ त्याच्यामागे तिरपं ओढलं जातं. फार घट्टही नको. हलक्या गाड्याची चाकं जाम आवळली की वरून दिलेला रेटा चाकांना न मिळता गाड्यालाच पुढच्या चाकांवरून पालथा पाडायला बघतो. पुस्तकांचा भार आणि चाकांचा ताण एकमेकांना धरून ठरवायचे ते यासाठीच. आधी भार टाका, मग ताण बसवा, मग दांडा बाळाच्या हाताच्या उंचीवर पुढे रेटून मागची चाकं उचलली जात नाहीत ना ते बघा. अशी सोय तुमच्या गाड्याला नसेल तर तो फरशीवर वापरू नका. जाड, न घसरणारी, खोलीचा बराचसा भाग व्यापणारी सतरंजी किंवा गालिचा असेल तरच वापरा. पातळ चादर चाकाखाली गोळा होते आणि काठाला चाक अडलं की गाडा जागीच थबकतो, तेही पडायचंच कारण.

दांड्याची उंची मात्र तुमच्या मुलीला जमण्यासारखी आहे. ७१ सेंमीच्या बाळाला दांडा बेंबी आणि छातीच्या मध्ये कुठेतरी यायला हवा, म्हणजे साधारण ४० ते ४७. तुमचा वरच्या टोकाला आहे. दांडा खांद्याजवळ असेल तर बाळ लोंबकळतं, मांड्यांजवळ असेल तर पुढे वाकून सगळं अंग त्यावर टाकतं.

एवढं सांगून झाल्यावर खरा प्रश्न येतो. हा गाडा आत्ता लागतोय का? माझ्या मते नाही. तुम्ही गाडा ठेवू की बदलू असं विचारलंत, पण त्यात गाड्यानं ती चालायला शिकेल असं गृहीत धरलेलं आहे. सोफ्याच्या कडेनं चालणं हे आडवं चालणं आहे. एक पाय बाजूला जातो, दुसरा येऊन मिळतो, आणि त्यात कमरेच्या बाजूचे स्नायू तयार होतात. गाडा ढकलायला पाय सरळ पुढे टाकायचा असतो, म्हणजे क्षणभर सगळं वजन एका पायावर घ्यायचं असतं. तिची आत्ताची तयारी पहिल्या कामाची आहे. दुसरं आपोआप येईल, पण मधल्या पायऱ्या आहेत आणि त्या गाड्याशिवायच जास्त चांगल्या चढता येतात.

ती तयार झाली हे वयावरून नाही, हातांवरून ओळखा. सोफा धरून चालताना एक हात सोडून मागे वळून तुमच्याकडे बघायला लागली, दोन हातांऐवजी बोटांची टोकं टेकवून पुढे सरकायला लागली, की हातांवरचं वजन उतरलं. सोफ्यावरून शेजारच्या स्टुलाकडे, मधली हातभर जागा ओलांडून जायला लागली, की तिला पुढे पाऊल टाकणं कळायला लागलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे बरेच आईवडील बघतच नाहीत: उभी असताना तिला स्वतःहून खाली बसता येतं का? या वयाची कितीतरी मुलं उठतात, पण बसायचं कसं ते न कळून उभीच रडत राहतात किंवा धप्पकन बूड आपटतात. गुडघे वाकवून खाली येता आलं की पडण्यातली निम्मी भीती जाते, कारण तोल जातोय असं वाटलं की ती बसू शकते. हे शिकवायला तिच्या पायाशी तिचं आवडतं काहीतरी ठेवा, एक हात सोफ्यावर असू द्या आणि कमरेला तुमचे हात लावून गुडघे वाकवायला मदत करा. चार दिवसांत नाही जमलं तर घाबरायचं कारण नाही.

या मधल्या काळात ढकलायला मी गाड्याऐवजी खोका सुचवते. पुठ्ठ्याचा मजबूत खोका, ३५ ते ४० सेंमी उंचीचा, तळाशी पुस्तकं भरलेला. याला चाकं नाहीत, तो फरशीवर घासत जातो. बाळ ढकलेल तेवढाच पुढे जातो, ढकलणं थांबलं की थांबतो, पळून जात नाही. किती भरायचा? दोन्ही तळव्यांनी बाळाच्या हाताच्या उंचीवरून ढकला. घसरण्याऐवजी वरचा काठ पुढे झुकला तर भार कमी आहे किंवा खोका उभट आहे. जागचा हललाच नाही तर जास्त आहे. वरची झाकणं आत दुमडून चिकटपट्टी लावा, म्हणजे बोटं अडकणार नाहीत. सुरुवातीला ती त्यावर रेलेल, मग हळूहळू हात सरळ होतील, आणि खोका पुढे गेला की एक पाय मागोमाग येईल. ते पाऊल पुढे पडलेलं असेल, आडवं नाही. पायात मोजे घालू नका. अनवाणी पायाची बोटं फरशीला धरतात, मोज्यात ती निसटतात.

गोल वॉकरबद्दल तुमच्या नणंदेची काळजी मला कळते. पडायची भीती नाही हे तिचं म्हणणं वरवर खरं वाटतं, कारण बाळ आत अडकलेलं असतं. पण तो वॉकर बाळाला अशी गती देतो जी त्याच्या पायांना पेलत नाही, आणि तुम्ही पोचेपर्यंत तो जिन्यापर्यंत गेलेला असतो. अमेरिकेत १९९० ते २०१४ या काळात पंधरा महिन्यांखालची सुमारे २ लाख ३० हजार बाळं वॉकरमधल्या दुखापतींसाठी आपत्कालीन विभागात आणली गेली, आणि त्यातली जवळपास तीन चतुर्थांश जिन्यावरून पडलेली होती. कॅनडानं २००४ मध्ये त्यावर बंदी घातली. त्यातून बाळ लवकर चालतं असंही नाही. आत बसलेल्या बाळाला स्वतःचे पाय दिसत नाहीत, तोल सांभाळावा लागत नाही आणि ते चवड्यांनी जमीन रेटत राहतं. चालण्यासाठी जे शिकायचं, नेमकं तेच त्यात शिकायला मिळत नाही. घेऊ नका. कुणी भेट दिला तर तोही वापरू नका.

आता बदकाकडे येते, कारण त्यात एक छान गोष्ट लपलेली आहे. ओढायचं खेळणं हे ढकलायच्या खेळण्याच्या नंतरचं, आधीचं नाही. ओढायचं म्हणजे एक हात दोरीत अडकलेला, चालणं पुढे आणि नजर मागे. जिला अजून दोन्ही हात सोफ्याला लागतात तिला हे जमणं शक्य नाही, आणि हातात दोरी घेऊन कडेकडेनं चाललीच तर ती दोरी तिच्याच पायाखाली येते. म्हणून उभ्यानं ओढणं सध्या बाजूला ठेवा. बसून ओढणं मात्र आत्ताच्या वयाचं खास काम आहे. साधारण आठव्या महिन्यापासून वर्षाच्या आसपास मुलांना हे उमगायला लागतं की लांबची वस्तू हवी असेल तर हाताशी असलेली दोरी ओढायची. ती बसलेली असताना बदक तिच्यासमोर जरा दूर ठेवा, दोरीचं टोक तिच्या हाताशी. सुरुवातीला दोरी तोंडातच जाईल. तुम्ही एकदा दोरी ओढून दाखवा, बदक आलं की थांबा. तिची नजर दोरीवरून बदकावर गेली आणि परत दोरीवर आली, की तिच्या मनात दोन्हींचा संबंध जुळायला लागला असं समजा.

याच कामासाठी दोरी आखूड हवी, वीतभर किंवा त्याहून कमी. लांब दोरी गळ्यात गुंडाळली जाऊ शकते, आणि टोकाला मणी किंवा कडी असेल तर तो मणी दोरीत अडकून सरळ फास तयार होतो. तुमच्या बदकाची दोरी कापा, टोकाचा लहान मणी काढून टाका आणि त्या जागी बाळाच्या मुठीत मावेल पण तोंडात शिरणार नाही अशी मोठी मऊ कडी शिवा. खेळणी तपासताना घशात अडकणाऱ्या लहान भागांसाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. त्यात जो भाग पूर्ण मावतो तो तीन वर्षांखालच्या मुलांसाठी धोकादायक धरतात. घरी साधारण सव्वातीन सेंमी रुंदीचं कुठलंही नळकांडं घेऊन बदकाचं चाक, डोळा, आसाची टोपी तपासा. मावण्याजोगा सुटा भाग असेल, किंवा आज घट्ट वाटला तरी पिळून सुटत असेल, तर ते खेळणं देऊ नका. वाजणाऱ्या खेळण्यात बटणासारखे चपटे सेल असतील तर त्यांचं झाकण स्क्रूनंच बंद होणारं असलं पाहिजे. असा सेल गिळला गेला तर तो अन्ननलिकेला भाजतो, ही तातडीनं दवाखान्यात न्यायची बाब असते. दहा महिन्यांचं बाळ दांडाही चावतंच, तेव्हा रंगाचे पापुद्रे निघतात का तेही नखानं खरवडून बघा.

बदक आडवं का पडतं, तेही मापातच आहे. बहुतेक बदकं उंच आणि त्यांची डावी-उजवी चाकं अगदी जवळ असतात. आडव्या झटक्यानं ते पडणार नाही असं हवं असेल तर दोन चाकांमधली रुंदी खेळण्याच्या उंचीइतकी तरी हवी आणि लाकडाचा जडपणा खाली हवा. दोरी कुठे बांधली आहे तेही बघा. ती मानेला असेल तर ओढताच डोकं पुढे येऊन बदक तोंडावर पडतं. पुढच्या आसाच्या उंचीवर बांधली तर सरळ येतं. तुमच्या बदकाची दोरी वर असेल तर खाली आणा, एवढ्यानंही बराच फरक पडेल. नवीन घेताना दोरी धरून जोरात, तिरपं, आणि एकदा कडेनं ओढा. चाकांवर उभं राहिलं तर घ्या. बुटकं, रुंद, जरा जड खेळणं दिसायला साधं असतं, पण ते बाळाच्या हातात टिकतं.

एक सावधगिरी मात्र पाळा. चाकांची ठेंगणी खेळणी ती चालत असते त्या सोफ्याच्या पायथ्याशी ठेवू नका. तोल गेला की ती हाताशी येईल ते धरते, आणि चाकांवरचं बदक धरलं तर ते तिला सोबत घेऊन जातं. लहानशी गाडी सोफ्याच्या गादीवर ठेवली तर उलट फायदा होतो. ती गाडी ढकलत ढकलत सोफ्याच्या लांबीभर सरकते, आणि ढकलणारा हात आधाराचं काम आपोआप सोडून देतो.

गाड्याला बघून रडण्याचं म्हणाल तर तिला सध्या गाडा दाखवूच नका. दिसेल अशा ठिकाणी ठेवला तर एकटी असताना ती तो धरून उठायला बघेल, ही दुसरी भीती आहेच. सासूबाईंना मात्र त्यांची भेट परत केली असं वाटू देऊ नका. वजनाचा आणि दांड्याचा हिशोब त्यांच्यासमोर, पिशवी अडकवून करून दाखवा. पुढची चाकं उचललेली स्वतः बघितली की वाद घालावा लागत नाही, आणि पुस्तकं कुठे ठेवायची, चाकं किती आवळायची हे काम त्यांच्याकडेच सोपवता येतं. वरच्या खुणा दिसायला लागल्या की गाडा आधी रिकामा, पालथा करून जमिनीवर ठेवा, तिला चाकं फिरवू द्या, आणि बोटं मधे जात नाहीत ना इकडे तुमचं लक्ष असू द्या. मग भार टाकून, गालिच्यावर, तुम्ही पुढच्या बाजूला गुडघ्यांवर बसून, हातानं त्याला धरून. पाच मिनिटं पुष्कळ झाली. भिंतीपाशी पोचल्यावर तिला वळवता येणार नाही, ती चिडेल. गाडा तुम्हीच वळवून द्या. घरात जिना असेल तर त्याला फाटक लावल्याशिवाय चाकांचं काहीही मोकळं सोडू नका.

शेजारच्या बाळाबद्दल इतकंच सांगते. जागतिक आरोग्य संघटनेनं निरनिराळ्या देशांतल्या निरोगी मुलांची नोंद केली तेव्हा आधाराशिवाय चालण्याचं वय ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत पसरलेलं निघालं. दहाव्या महिन्यात आधारानं चालणारी तुमची मुलगी त्यात आरामात बसते, आणि शेजारचंही बसतं. अठरा महिने होऊनही एकटी चालत नसेल, सतत चवड्यांवरच उभी राहत असेल, एकच बाजू वापरत असेल, किंवा आधी जमत होतं ते मागे गेलं असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. यात गाडा असण्या-नसण्याचा काही संबंध नसतो.

गाडा वापरायला लागल्यावर आठवड्यातून एकदा तो उलटा करून चाकांचे नट, आसाच्या टोप्या आणि दांड्याचे जोड हातानं हलवून बघा. लाकूड वापरात सैलावतं, आवळलेली चाकंही काही दिवसांत मोकळी होतात, आणि ते पहिल्यांदा लक्षात येतं ते गाडा पूर्वीपेक्षा वेगानं जायला लागल्यावर. मुलीचं वजन वाढेल तसं पिशवी अडकवायची चाचणीही पुन्हा करा, त्या वेळच्या वजनाइतकं सामान भरून.